तूच सांग गं!

रविवारची रात्र, पावणेदहाची वेळ. ओटा पुसून मी नुकती टेकले होते, तेवढ्यात फोन वाजला. आमच्या सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप मी कायमचा म्यूट करून ठेवलाय. तरी तो वाजला, कारण कुणीतरी माझं नाव घेतलं होतं. आपल्याला टॅग केलं की म्यूट केलेला ग्रुपसुद्धा दार वाजवतो, हे मला त्या रात्री कळलं.

टॅग करणारी माझी मैत्रीण. आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहते. तिच्या बाथरूमच्या छतातून महिनाभर पाणी झिरपत होतं. वरच्या घरातले काका म्हणत होते की त्यांच्या फरशीत काही दोष नाही, पाणी सामाईक पाइपातून येत असणार. संध्याकाळपासून दोघांची ग्रुपवर जुंपली होती. तीस-चाळीस मेसेज झाल्यावर मैत्रिणीने लिहिलं होतं, 'मागच्या वर्षी तुझ्याकडे गळत होतं तेव्हा वरच्यांनी आठ दिवसांत काम करून दिलं होतं की नाही? तूच सांग गं!'

आता हे खरंच होतं. माझ्याकडे गळत होतं आणि वरच्यांनी आठ दिवसांत काम करून दिलं होतं. प्रश्न सरळ, उत्तर एका शब्दाचं. पण तो शब्द काकांच्या अंगावर भिरकावलेला दगड ठरणार होता. आणि याच काकांनी दोन वर्षांपूर्वी मध्यरात्री गाडी काढून माझ्या वडिलांना दवाखान्यात पोचवलं होतं.

मी घाईघाईत लिहिलं, 'हो, पण प्रत्येक केस वेगळी असते.'

पाच मिनिटांत मैत्रिणीने माझा मेसेज उचलून खाली लिहिलं, 'बघा, ती हो म्हणतेय.' पुढच्या दोन मिनिटांत काकांनी तोच मेसेज उचलून लिहिलं, 'त्या स्वतःच म्हणतात, प्रत्येक केस वेगळी असते.' माझ्या सहा शब्दांच्या वाक्याचे दोन तुकडे झाले. एक तिने घेतला, एक त्यांनी. भांडण आता गळतीवरून माझ्या वाक्याच्या अर्थावर सरकलं होतं. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी राहतो म्हणतात. इथे पाहुणीचंच ताट झालं होतं.

मी त्यातून बाहेर आले, पण दुसऱ्या प्रयत्नात. पहिला का फसला हे समजायला मला बराच वेळ लागला.

टॅग करणारा माणूस दर वेळी एकच गोष्ट मागत नसतो. कधी त्याला माहिती हवी असते: गळती नेमकी कुठून आहे हे कसं शोधतात? कधी साक्ष हवी असते: त्या दिवशी तू तिथे होतीस, काय झालं ते सांग. आणि कधी कौल हवा असतो: कोण बरोबर, ते बोल. घोटाळा असा की कौल बहुतेक वेळा साक्षीचे कपडे घालून येतो. माझ्या घराच्या गळतीचा काकांच्या फरशीशी काडीचा संबंध नव्हता. मैत्रिणीला माझ्या गळतीची हकिगत नको होती, तिला तिच्या बाजूला उभं राहणारं एक माणूस हवं होतं. हे ओळखण्याची माझी एक साधी खूण आहे. मी 'नाही' असं उत्तर दिलं तर विचारणाऱ्याला माहिती मिळेल की वाईट वाटेल? वाईट वाटणार असेल तर तो प्रश्न नाही, कौल आहे.

असं तिसऱ्याला ओढण्यात दुष्टपणा असतो असं मात्र मी म्हणणार नाही. मरी बोवेन नावाच्या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने 1950च्या दशकात वॉशिंग्टनजवळच्या सरकारी संशोधन रुग्णालयात एक वेगळा प्रयोग केला. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांबरोबर त्यांची कुटुंबंही त्याने वॉर्डात राहायला आणली आणि ती एकमेकांशी कशी वागतात ते पाहिलं. पुढे त्याने जे मांडलं त्याचा गाभा असा, की दोन माणसांत ताण वाढला की ती आपसूक तिसऱ्याला आत घेतात. ताण तिघांत वाटला जातो आणि दोघांना थोडं बरं वाटतं. याला त्याने त्रिकोण म्हटलं. सासू-सुनेच्या मध्ये सापडलेल्या कुठल्याही मराठी नवऱ्याला हे सांगायला अमेरिकेतून कुणी यायची गरज नाही. पण बोवेनचा त्यापुढचा मुद्दा महत्त्वाचा आहे. तिसरा माणूस रागावून निघून गेला किंवा त्याने दोघांशी बोलणं टाकलं, म्हणजे तो त्रिकोणातून सुटला असं होत नाही. दोघांशीही संबंध चालू ठेवून बाजू न घेणं, हे खरं सुटणं.

म्हणून 'काहीच लिहायचं नाही' हा उपाय, जो बहुतेकांना पहिल्यांदा सुचतो, तो मला पटत नाही. नाव घेऊन विचारलेल्या प्रश्नानंतरची शांतता रिकामी राहत नाही, लोक तिच्यात अर्थ भरतात. व्हॉट्सॲपवर तर ती लपतही नाही. आपण वाचल्याच्या निळ्या खुणा बंद करून ठेवल्या तरी ती सोय ग्रुपमध्ये चालत नाही. मेसेज पाठवणाऱ्याला माहितीच्या यादीत कुणी वाचलं ते दिसतं. रात्री अकरा वाजता 'वाचलंय, पण बोलत नाहीये' असं एक वाक्य येतं आणि आपण न बोलताच आरोपी होतो. ग्रुप सोडणं त्याहून वाईट. 2022पासून गुपचूप बाहेर पडता येतं, सूचना फक्त ॲडमिनला जाते हे खरं. पण बाहेर गेलेल्यांची नावं साठ दिवस कुणालाही पाहता येतात, आणि आमच्या सोसायटीत ती यादी रोज पाहणारी माणसं आहेत.

लिहिलेलं पुसून टाकणंही कामाचं नाही. मी तो मेसेज डिलीट करायला निघाले होते, पण थांबले. डिलीट केलेल्या मेसेजच्या जागी डिलीट केल्याची पाटी राहते, आणि ती पाटी मूळ मेसेजपेक्षा मोठ्याने बोलते.

तर लिहायला हवं. पण काय लिहायचं?

'दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे' हे वाक्य आपल्याकडे फार आवडीने वापरतात. ते तटस्थ वाटतं, पण तो निकाल आहे, आणि दोघांनाही अर्धं चूक ठरवणारा निकाल. 'भांडू नका, आपण सगळे एका कुटुंबासारखे' हे त्याहून वाईट. ज्याच्या छतातून पाणी गळतंय त्याला ते असं ऐकू येतं की तुझी तक्रार म्हणजे नुसता गोंगाट. नुसत्या जोडलेल्या हातांचं चित्र टाकलं तर एकाला ते धन्यवाद वाटतं, दुसऱ्याला 'पुरे करा' वाटतं. आणि अंगठा? अंगठा कुणाच्या मेसेजवर दिलाय ते सगळ्यांना नावानिशी दिसतं. तो सरळ कौल आहे.

सव्वादहाला मी काकांच्या आणि मैत्रिणीच्या वादाकडे न बघता फक्त माझ्याबद्दल लिहिलं: 'टॅग पाहिला. माझा आधीचा मेसेज माझ्या घरापुरता होता, तो या चर्चेत धरू नये ही विनंती. दोन्ही घरांशी माझा घरोबा आहे, म्हणून या गळतीबद्दल मी ग्रुपवर मत देणार नाही.' एवढंच. मग लगेच मैत्रिणीला फोन लावला.

त्या तीन वाक्यांतला प्रत्येक शब्द मी तोलून घातला होता असा दावा मी करणार नाही, काही नशिबाने जमलं. पण नंतर पुन्हा वाचताना ते का चाललं हे दिसलं. 'टॅग पाहिला' यात पोच आहे, म्हणजे दुर्लक्ष केलं असं कुणी म्हणू शकत नाही. कारण माझ्या जागेबद्दलचं आहे, वादाबद्दलचं नाही. 'मला यातलं काही माहीत नाही' म्हटलं असतं तर ते खोटं पडलं असतं. 'हा विषय इथला नाही' म्हटलं असतं तर तो काकांच्या बाजूचा मुद्दा झाला असता, कारण ते संध्याकाळपासून तेच म्हणत होते. घरोबा मात्र कुणी खोडून काढू शकत नाही.

मराठीतल्या काही बारीक जागा इथे फार महत्त्वाच्या ठरतात. पहिल्या मेसेजमधल्या 'पण'ने घात केला होता. 'पण' आला की वाक्याला मधोमध चीर पडते आणि ज्याला जो तुकडा हवा तो उचलता येतो. दुसऱ्या मेसेजमध्ये 'म्हणून' होता, त्याचे तुकडे पडत नाहीत. 'सध्या मत देणार नाही' म्हटलं असतं तर 'सध्या' हा शब्द दार किलकिलं ठेवून गेला असता, आणि उद्या सकाळी कुणीतरी त्यात पाय घातला असता. 'मत देऊ शकत नाही' म्हटलं की 'का नाही देऊ शकत?' हा प्रश्न ठरलेला. 'मला मत नाही' हे तर सरळ खोटं. मत असतंच, मलाही होतं. ते द्यायचं नाही, एवढंच ठरवायचं असतं.

आणखी एक फसवा शब्द 'आपण'. 'आपण हे मीटिंगमध्ये बोलू' हे किती समंजस वाटतं! पण 'आपण' म्हणताच मी वादातली तिसरी पार्टी झाले, मीटिंगमध्ये माझी खुर्ची लागली. तसंच 'तू' आणि 'तुम्ही'चं. मी मैत्रिणीला एरवी 'अगं तू' म्हणते, काकांना 'तुम्ही'. ग्रुपवर 'तू मला यात नको ओढूस' असं लिहिलं असतं तर नकारातूनसुद्धा आमची गट्टी सगळ्यांना दिसली असती. म्हणून त्या मेसेजमध्ये ना तू होती, ना तुम्ही.

पण ग्रुपवरची तीन वाक्यं हे निम्मंच काम. मैत्रिणीने टॅग केलं ते ती एकटी पडली होती म्हणून. चारचौघांत तिला नकार दिला आणि एकट्यात काहीच बोलले नाही, तर ती मला बाजू बदललेली समजणार आणि ते चुकीचंही नाही. म्हणून फोन, आणि तोही लगेच, तिचं मन आंबायच्या आत. फोनच, मेसेज नव्हे. खासगी मेसेजचा स्क्रीनशॉट ग्रुपवर यायला पाच सेकंद लागतात.

फोनवर ती वीस मिनिटं बोलली. मी ऐकलं. इथे एक सापळा आहे, त्यात मी पूर्वी अनेकदा अडकले आहे. आपण मराठी माणसं ऐकताना सतत 'हो ना', 'बरोबर', 'खरंय' म्हणत असतो. आपल्या दृष्टीने त्याचा अर्थ 'ऐकतेय' एवढाच. दुसऱ्या दिवशी जिन्यात मात्र ते 'तीसुद्धा म्हणाली बरोबर आहे' असं होऊन परत येतं. म्हणून मी 'ऐकतेय', 'मग?', 'कधीपासून?' एवढ्यावर राहिले. छताची अवस्था विचारली, मुलीला दुसऱ्या बाथरूममध्ये आंघोळ घालावी लागते त्याबद्दल वाईट वाटलं तेही सांगितलं. त्रासाबद्दल सहानुभूती आणि दाव्याला दुजोरा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली भरभरून द्यावी.

ती शेवटी म्हणाली, 'म्हणजे तू माझ्या बाजूने नाहीस.' मी म्हटलं, 'मी तुझ्या बाजूची आहे, तुझ्या भांडणाच्या बाजूची नाही.' हे वाक्य तिला आवडलं नाही. दोन दिवस ती जरा फुरंगटून होती. विनयाने अंग काढून घेतलं की कुणालाच वाईट वाटत नाही असं जे सांगतात, त्यांनी ते बहुधा करून पाहिलेलं नसतं.

काकांना मी फोन केला नाही. मोह झाला होता. 'मनाला लावून घेऊ नका, ती जरा रागीट आहे' असं काहीतरी बोलून काकांशी गोड राहता आलं असतं. पण हेच चोरट्या दाराने पुन्हा आत शिरणं. दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटले तेव्हा नेहमीसारखी त्यांच्या गुडघ्याची चौकशी केली.

गळती कुठून आहे हे शोधायची रीत मला माहीत होती, कारण मी त्यातून गेले होते. पाणी सतत, एकाच वेगाने झिरपत असेल तर संशय दाबाच्या नळावर येतो. वरच्या घराचा मुख्य व्हॉल्व्ह काही तास बंद ठेवला आणि झिरपणं कमी झालं, तर दोष त्या घराच्या नळात. वापरल्यावरच गळत असेल तर सांडपाण्याची वाट किंवा फरशीचे सांधे. तेव्हा प्लंबर मोरीचं तोंड बंद करून फरशीवर रंगीत पाणी दिवसभर साठवतात आणि खाली रंग उतरतो का ते पाहतात. पैसे कुणाचे, हे यावर ठरतं. सोसायटीच्या उपविधींप्रमाणे घरातल्या न्हाणीघराची, सिंकची गळती सभासदाने दुरुस्त करायची आणि बाहेरच्या सामाईक नळांची किंवा ड्रेनेजची सोसायटीने.

ही माहिती ग्रुपवर टाकायला काय हरकत होती? ज्ञान तर तटस्थ असतं. असतं, पण वेळ तटस्थ नसते. मैत्रीण संध्याकाळपासून चाचणीचीच मागणी करत होती आणि काका ती नाकारत होते. त्या क्षणी मी चाचणीची पद्धत लिहिली असती तर तो तिच्या बाजूचा वकिली मजकूर झाला असता. जी सूचना दोघांपैकी एकानेच आधी केलेली आहे, ती कितीही शहाणपणाची असली तरी तटस्थ राहत नाही. मी ती सेक्रेटरींना सांगितली, त्यांनी विचारल्यावर. त्यांचं ते कामच होतं.

मंगळवारी दुसरा टॅग आला. या वेळी काकांकडून. 'ताई, तुम्ही समजूतदार आहात, तुम्हीच सांगा.' समजूतदार म्हटल्यावर माणूस विरघळतो. मी आधीचंच तिसरं वाक्य शब्दही न बदलता पुन्हा लिहिलं. नवं कारण द्यायचं नाही, कारण प्रत्येक नवं कारण म्हणजे वादाला नवा विषय. आणि दोघांनाही अक्षरशः एकच उत्तर मिळालं, हे सगळ्यांनी पाहिलं. माझ्या मते मी खरी बाहेर पडले ती तेव्हा, रविवारी नव्हे.

महाभारतात बलरामाने हेच केलं होतं. भीम आणि दुर्योधन दोघेही गदायुद्धातले त्याचे शिष्य. एकाची बाजू कशी घ्यायची म्हणून तो सरस्वतीकाठच्या तीर्थयात्रेला निघून गेला. कारण स्वतःच्या नात्याचं, वादाच्या गुणदोषांचं नाही. उत्तम जमलं होतं. पण बेचाळीस दिवसांनी तो परत आला तो नेमका भीम-दुर्योधनाच्या शेवटच्या गदायुद्धाच्या वेळी. भीमाने मांडीवर घाव घातलेला पाहून तो नांगर उगारून धावला आणि कृष्णाला त्याला आवरावं लागलं. आपला विदर्भाचा रुक्मीही त्या युद्धाबाहेरच राहिला, पण तो काही तटस्थ नव्हता. 'घाबरला असशील तर मी मदत करतो' असा तोरा आधी अर्जुनापुढे, मग दुर्योधनापुढे मिरवला आणि दोघांनी त्याला वाटेला लावलं. बाहेर राहिलेला प्रत्येक जण सभ्यपणे बाहेर पडलेला असतो असं नाही.

ही रीत सगळीकडे लावू नये. मी कमिटीत असते तर 'मत देणार नाही' म्हणणं म्हणजे कामचुकारपणा झाला असता. पदावरच्या माणसाने फार तर 'ग्रुपवर नाही, बैठकीत' म्हणावं आणि बैठक लावावी. मी खरोखरच काही पाहिलं असतं, समजा काकांनी प्लंबरला दारातून परत पाठवताना, तर तेवढं सांगणं भाग होतं, विशेषणं न लावता. आणि वाद गळतीवरून शिवीगाळीवर, कुणाच्या जातीवर किंवा भाडेकरू असण्यावर गेला असता, तर घरोब्याचं कारण पुढे करून गप्प बसणं हे सरळ बलवानाच्या बाजूला बसणं आहे. तिथे बाजू घ्यावी, नाव घेऊन घ्यावी.

आपण सुटलो की नाही हे ओळखायला फार दिवस लागत नाहीत. भांडणारी माणसं आपल्याला सोडून पुन्हा एकमेकांशी बोलू लागली की सुटलो. कुणीतरी आपलं वाक्य अजून उचलून लावतंय, तोवर नाही.

आमच्याकडे पुढच्या रविवारी रंगीत पाण्याची चाचणी झाली. काय निघालं ते मी इथे लिहीत नाही, दोन्ही घरी हे मासिक येतं. परवा पार्किंगवरून नवं सुरू झालं तेव्हा मैत्रिणीने टॅग करायच्या आधी फोन केला. 'तुला ओढू का?' 'नको,' मी म्हटलं. तिने तळमजल्यावरच्या वहिनींना ओढलं.